चौकोनी पाईपचा तिरका जोड: अंश बाजूला ठेवा, मिलिमीटर मोजा

प्रश्न: डायनिंग टेबलसाठी ४० × ४० च्या १४ गेज पाईपच्या दोन फ्रेम करतोय. वर ७०० रुंद, खाली ५००, पाय तिरके, फ्रेमची उंची ७२०. खालचे कोपरे आधी दोन्हीकडून ४५ ला कापले, तर आतून बोटभर फट आली. मग एक पाईप ४५ ला ठेवून दुसरा ३७ ला कापला. फट गेली, पण कडा एकमेकींना जुळत नाहीत, पायरी राहते. फट वेल्डने भरून ग्राइंड केलेली पहिली फ्रेम तर हलवली की कुरकुरते. माझं कुठे चुकतंय? घरी कटऑफ मशीन, ४ इंची ग्राइंडर आणि छोटं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आहे.

उत्तर:

तुमचा दुसरा प्रयत्न अर्धा बरोबर होता. कोनांची बेरीज जमली, वाटणी चुकली.

पाईप सरळ, म्हणजे काटकोनात कापला तर मशीनवर शून्य अंश असतात. चौकटीच्या कोपऱ्यात ९० चा कोन हवा असेल तर दोन्ही तुकड्यांचे मिळून ९० अंश कापायचे, म्हणून ४५-४५. तुमचे पाय वर जाताना बाहेर झुकतात, त्यामुळे खालच्या कोपऱ्यातला आतला कोन ९० पेक्षा मोठा आहे, साधारण ९८.४. तिथे दोघांचे मिळून ८१.६ च कापायचे असतात. तुम्ही ४५ अधिक ३७ केलेत, बेरीज जवळपास तीच, म्हणून फट मिटली. पण ४५ ला कापलेलं तोंड ५६.६ मिमी लांब भरतं आणि ३७ ला कापलेलं ५० च्या आसपास. साडेसहा मिमीचा फरक जाणार कुठे? तीच तुमची पायरी. दोन तोंडं सारख्या लांबीची हवी असतील तर कोन निम्मा-निम्माच वाटावा लागतो, ४०.८ आणि ४०.८. मग दोन्ही तोंडं ५३ मिमीची होतात आणि कडेला कड बसते. पाईप सारख्या मापाचे असतील तर हा नियम कुठल्याही कोनाला लागू आहे.

आता ४०.८ मशीनवर लावायचं कसं? माझ्या अनुभवात कटऑफ मशीनच्या शिकंज्यावरच्या अंशांच्या रेघा अंदाजापुरत्या असतात. जाड पट्टीवर ठोकलेल्या खुणा, त्यात बोल्ट आवळताना शिकंजा थोडा फिरतो. एका कापात १ अंश चुकला तर जोडात २ अंश चुकतात, आणि तुमच्या पावणेसातशे मिमीच्या पायावर २ अंश म्हणजे टोकाला २४ मिमी. म्हणून मी अंश मोजतच नाही. मी ढाळ मोजतो, म्हणजे पाईपच्या एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत जाताना कापाची रेघ किती मिमी सरकली ते.

तुमच्याच मापांवर करून दाखवतो. एक बदल मात्र आधी सुचवतो. वरचे दोन कोपरेही तुम्ही मायटर करणार असाल, म्हणजे दोन्ही तुकडे तिरके कापून जोडणार असाल, तर करू नका. वर आतला कोन ९० पेक्षा लहान आहे, तिथे प्रत्येक तुकडा ४५ च्या पुढे कापावा लागेल, आणि बऱ्याच कटऑफ मशीनचा शिकंजा ४५ च्या पुढे जातच नाही. शिवाय तो जोड फळीखाली असतो, तिथे मायटरची नजाकत बघणार कोण. वरची आडवी पट्टी सरळ कापलेली, पूर्ण ७०० ची ठेवा, तिची उघडी तोंडं प्लास्टिकच्या किंवा पत्र्याच्या टोप्यांनी बंद करा, आणि पाय तिच्या खाली टेकवा. मायटर फक्त खाली, जिथे दिसतो.

वरची पट्टी ४० ची, म्हणजे पायांना उभी उंची उरली ६८०. वर ७०० आणि खाली ५००, म्हणजे प्रत्येक पाय ६८० चढताना १०० बाहेर जातो. बाहेरच्या कडेने पायाची लांबी मोजली तर ६८७ भरते (६८० आणि १०० चा कर्ण). पायाचं वरचं तोंड जमिनीला समांतर हवं, त्याचा ढाळ ४० मिमी रुंदीत ६ मिमी. खालच्या मायटरचा ढाळ ४० मिमी रुंदीत साडेचौतीस मिमी. दोन्ही टोकांना बाहेरची कड लांब आणि आतली आखूड, म्हणजे आतली कड ६८७ मधून साडेचौतीस आणि सहा वजा जाता साडेसहाशेला साडेतीन कमी, ६४६.५ भरली पाहिजे. खालची आडवी पट्टी बाहेरून ५०० आणि दोन्ही टोकांना साडेचौतीस आत, म्हणजे आतून ४३१. झालं. यात कुठेही अंश नाही, टेप आणि गुण्या पुरे.

गणित नको असेल तर जुनी पद्धत आहेच. प्लायवर किंवा शेडच्या फरशीवर खडूने फ्रेम पूर्ण मापात काढायची, पाईपच्या जाडीच्या दोन्ही रेघांसकट. आतला कोपरा आणि बाहेरचा कोपरा जोडणारी रेघ ओढली की तोच मायटर. पाईप त्या रेघांवर ठेवून खुणा उचलायच्या. आमच्याकडे कुपवाडला नवीन पोरगा आला की पहिले काही महिने मी त्याला हेच करायला लावतो. कागदावरचं माप आणि फरशीवरचं माप जुळलं नाही तर पाईप कापायच्या आधीच कळतं.

आखणी करताना पाईपच्या चारही बाजूंवर रेघ फिरवा. समोरासमोरच्या दोन बाजूंवर तिरकी रेघ, उरलेल्या दोन बाजूंवर गुण्याने सरळ. रेघ फिरून सुरुवातीच्या बिंदूला मिळाली नाही तर गुण्या सरकलाय किंवा पाईप पिळलेला आहे. खडूने आखू नका, खडूची रेघच दीड मिमीची असते. टोकदार सळईने ओरखडा काढा. पाईपच्या आत डोकावलं की एका बाजूला लांबच लांब निळसर शिवण दिसते. ती बाजू आखणीआधीच आतल्या अंगाला धरा, रंगानंतर बाहेरून ओळखू येते.

कापायचं कशाने, हे तुमच्या हाताच्या सवयीवर आहे. कटऑफ मशीनवर शिकंजा साधारण ४१ वर लावा, आणि अंशांच्या खुणेऐवजी आखलेली रेघ चाकाखाली येते का ते बघा. आधी टाकाऊ पाईपवर एक काप घेऊन कडेचा ढाळ मोजा. साडेचौतीसच्या जागी साडेतेहतीस आला तर शिकंजा सरकवा. आणि तिरक्या कापात दाब देऊ नका. चाक पाईपच्या भिंतीवर तिरकं चढतं, दाबलं की वाकतं आणि काप वरून बरोबर, खालून दोन मिमी बाहेर निघतो. मशीन तिच्या वजनाने उतरू द्यायची, वेळ लागतो. एकदा माप बसलं की चारही पाय आणि दोन्ही पट्ट्यांचे मायटर तीच मांडणी न हलवता कापून घ्या. चौकोनी पाईपला डावा-उजवा नसतो, उलटा केला की झालं, म्हणून चारही पाय हुबेहूब सारखेच असतात. ते सगळे एका टोकाला टेकवून शेजारी शेजारी ठेवा. नखाने कडांवरून ओरखडा दिला की कुठला अर्धा मिमी जास्त आहे ते कळतं.

ग्राइंडरने कापणार असाल तर १ मिमीचं पातळ चाक घ्या, आणि एका दमात आरपार जाऊ नका. एकेक बाजू तिच्या रेघेवर कापत पाईप फिरवत न्या. मी स्वतः रेघेच्या बाहेर अर्धा मिमी ठेवून कापतो आणि उरलेलं फ्लॅप डिस्कने रेघेपर्यंत आणतो.

माल किती लागेल तेही सांगून टाकतो. एका फ्रेमला ७०० अधिक ५०० अधिक दोन पाय, अडीच मीटरच्या थोडं वर. ६ मीटरच्या एका पाईपमध्ये दोन्ही फ्रेम बसतात आणि पाऊण मीटर उरतो, त्यातच चाचणीचे काप घ्या.

आता तुमच्या कुरकुरणाऱ्या फ्रेमकडे येतो, कारण खरा धोका तिथे आहे. पाईपची भिंत २ मिमीची. दोन पाईपमध्ये भिंतीच्या निम्मी, म्हणजे १ मिमीपर्यंत फट असेल तर रॉड ती सहज सांधतो. तुमची आतल्या बाजूची फट ८ मिमीच्या आसपास होती. तिथे वेल्ड फटीवर नुसता पूल बांधतो, भिंतीत मुरत नाही. वरून ग्राइंडर फिरवला की तो पूलही निघून जातो आणि खाली कागदाएवढा पत्रा उरतो. काहीजण रॉडचं कोटिंग ठोकून काढून आतली तार फटीत बसवतात आणि वरून वेल्ड ओढतात. खिडकीच्या जाळीला ते चालून जातं. टेबलाच्या पायाला नाही, कारण टेबल कोणी सरकवलं की कोपरा उघडायला आणि मिटायला बघतो, आणि भेग आतल्या कोपऱ्यापासून सुरू होते.

हे मी माझ्या खर्चाने शिकलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका खानावळीला अशीच तिरक्या पायांची टेबलं दिली होती. आतल्या कोपऱ्यात ग्राइंडर पोचत नाही, वेल्ड ओबडधोबड दिसतो, म्हणून मी आतली बाजू वेल्डच केली नव्हती, तीनच बाजू केल्या आणि आतून पुट्टी भरून रंग दिला. फरशी धुताना पोरं टेबलं ओढायची. सहा महिन्यांत दोन टेबलं परत आली, दोन्हींच्या आतल्या कोपऱ्यातून रंगाची रेघ उकललेली. तेव्हापासून आतला कोपरा मी चारही बाजूंत सगळ्यात मन लावून भरतो आणि त्याला ग्राइंडर लावत नाही. दिसतो तर दिसू दे.

वेल्डिंगची तयारी अशी. पाईपवरचं काळं आवरण आणि तेल जोडापासून वीसेक मिमी घासून चकचकीत करा. जस्त चढवलेला, म्हणजे जीआय पाईप आणला असेल तर या कामाला तो नको, वेल्ड करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो छातीत जातो आणि संध्याकाळी थंडीताप भरतो. बाहेरून दिसणाऱ्या बाजूंवर दोन्ही तोंडांच्या कडा फ्लॅप डिस्कने अर्धा-पाऊण मिमी मारून बारीक खाच तयार करा. वेल्ड त्या खाचेत उतरतो, आणि नंतर वरचा उंचवटा घासून सपाट केला तरी भिंतीत भरलेला माल जागेवर राहतो. कडा न मारता वेल्ड करून घासणं म्हणजे केलेलं काम पुसणं.

वरच्या जोडात एक वेगळी गंमत आहे. पाईपचे कोपरे गोल असतात. पायाच्या समोरच्या आणि मागच्या बाजू वरच्या पट्टीच्या गोलाईवर येतात, सपाटीवर नाही, त्यामुळे तिथे काप कितीही अचूक असला तरी वेजासारखी खाच दिसते. ती कापाची चूक नव्हे. त्या खाचेत एक पास तळापर्यंत मुरेल असा घ्या आणि दुसऱ्याने ती भरून काढा. मायटरमध्ये हा प्रश्न येत नाही, दोन्हीकडची गोलाई एकमेकींत मिळून जाते.

आणि ग्राइंडर ठेवायच्या आधी वरच्या पट्टीच्या खालच्या भिंतीला, जिथे पायाची पोकळी येणार तिथे, ४ मिमीचं भोक पाडा. या फ्रेममध्ये दोन पाय आणि खालची पट्टी मिळून एक बंद पोकळी होते. शेवटचा जोड बंद करताना आतली तापलेली हवा वितळलेल्या वेल्डमधून फुसकन बाहेर येते आणि तिथे टाचणीएवढं भोक राहतं. पुन्हा भरलं की पुन्हा फुटतं. नवखा माणूस करंट बदलत बसतो, दोष हवेचा असतो. वरच्या पट्टीतलं भोक नंतर कोणाला दिसत नाही.

जोडणी सपाट जागेवर करा. सपाट म्हणजे खरंच सपाट. फरशीवर करणार असाल तर दोन सरळ पाईप खाली ठेवून ते एका पातळीत आहेत का ते दोरीने बघा. चारही कोपरे जुळवा, प्रत्येकाला वरच्या बाजूने एकेक छोटा टाका मारा. आता कर्ण मोजा: खालच्या पट्टीचा बाहेरचा कोपरा ते समोरच्या पायाचं वरचं बाहेरचं टोक. दोन्ही कर्ण ९०७ भरले पाहिजेत. दोहोंत १ मिमीपर्यंत फरक मी सोडून देतो. जास्त असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर लाकडी हातोड्याने ठोका, एका टाक्याचा जोड ऐकतो. मग फ्रेम उलटी करून दुसऱ्या बाजूने टाके मारा आणि पुन्हा कर्ण. त्यानंतर फ्रेम ठोकून ऐकत नाही, कापावीच लागते.

पूर्ण वेल्ड करताना एका कोपऱ्याच्या चारही बाजू एका बैठकीत करू नका. वेल्ड थंड होताना आकसतो आणि ज्या बाजूला तो आहे त्या बाजूला फ्रेम ओढतो. सगळ्या वरच्या बाजू आधी केल्या तर फ्रेमचा पापड होतो, टेबलावर ठेवली की एक कोपरा उचललेला. मी एका कोपऱ्याची एक बाजू करतो, मग तिरक्या समोरच्या कोपऱ्याची, मग फ्रेम उलटवून उरलेल्या दोन कोपऱ्यांच्या मागच्या बाजू. हाताला सोसेल इतका पाईप थंड झाला की पुढची फेरी. तुमच्या मशीनवर २.५ मिमीचा ६०१३ रॉड आणि ६० ते ७० अँपिअर, यापासून सुरुवात करा. रॉड चिकटत असेल तर पाच वाढवा, पत्रा लाल होऊन खचायला लागला तर पाच कमी करा. नेमका आकडा मशीनवर, केबलच्या लांबीवर आणि रॉड किती कोरडा आहे त्यावर ठरतो, म्हणून उरलेल्या पाऊण मीटरमधून आधी दोन मायटर कापून बघा. त्यातला एक जोड करवतीने मधोमध चिरा. वेल्ड भिंतीच्या आतल्या अंगापर्यंत उतरलेला दिसला तर ती सेटिंग ठेवा. नुसता वर बसलेला दिसला तर वरून तो कितीही सुंदर असला तरी उपयोग नाही.

जोड चांगले झाले तरी टेबल लांबीच्या दिशेने हलू शकतं, हे लक्षात ठेवा. तुमच्या फ्रेम रुंदीच्या दिशेने ताठ आहेत, लांबीच्या दिशेने त्यांना फक्त फळी धरून ठेवते. दोन फ्रेमना वरच्या पट्ट्यांच्या मधोमध जोडणारा एक पाईप द्या, वेल्ड करून किंवा घरात न्यायचं असेल तर पाच मिमीच्या प्लेटी लावून बोल्टने. प्लेट जितकी रुंद तितका ताठपणा. लाकडाची फळी असेल तर ती ज्या छिद्रांतून कसणार ती फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट ठेवा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, गोल छिद्रात अडकलं की एकतर फळी फुटते नाहीतर फ्रेम वाकते.

राहिली तुमची बिघडलेली फ्रेम. ती भंगारात टाकू नका. खालचे दोन जोड वेल्डच्या पलीकडून कापून काढा. वरची पट्टी तशीच वापरता येईल. पायाची बाहेरची कड कापून साफ केल्यावर ६७० च्या आसपास उरली तर चारही पाय त्याच मापाला आणा. एकही पाय वेगळा ठेवू नका. झुकाव तोच ठेवा, म्हणजे ६ आणि साडेचौतीस हे दोन्ही ढाळ बदलत नाहीत, आणि खालची पट्टी तेवढी ५ मिमी लांब, बाहेरून ५०५ ची कापा. नव्या कर्णाचं माप फरशीवरच्या खडूच्या चित्रातून घ्या. उंचीत साधारण १७ मिमी कमी पडतील. खालच्या पट्टीत दोन्ही टोकांजवळ भोक पाडून १० मिमीचा नट वेल्ड करा आणि त्यात रबरी बुडाचे स्क्रूचे पाय बसवा. उंची भरून निघते, आणि घरातली फरशी एका पातळीत नसली तरी टेबल चारही टोकांवर टेकतं. नट वेल्ड करताना त्यात आधी एक जुना बोल्ट फिरवून ठेवा, नाहीतर शिंतोड्यांनी आटे बुजतात.